अकरा महिन्यांचे पैसे आणि बावन्न आठवड्यांचे टी-बिल

प्रश्न: मी फोंड्यात राहते. पतसंस्थेतली ठेव नुकतीच पिकली, ४ लाख रुपये हातात आहेत. पुढच्या जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलीची फी भरायची आहे, म्हणजे अजून अकरा महिने. ओळखीतल्या एकाने सांगितले, ३६४ दिवसांचे टी-बिल घे, सरकारी आहे, बुडायची भीती नाही. रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर बघितले तर १० वर्षांचे सरकारी रोखे साडेसहा टक्क्यांचे दिसतात, टी-बिल त्याहून कमी. दोन्ही सरकारीच तर जास्तीचे का घेऊ नये? आणि व्याज किती महिन्यांनी जमा होते?

उत्तर:

टी-बिल म्हणजे ट्रेझरी बिल, सरकार थोड्या मुदतीसाठी उसने घेते त्याचा कागद. ३६४ दिवसांचे टी-बिल तुमच्या कामाचे नाही, कारण ते ५२ आठवड्यांनी पिकते आणि तुमच्याकडे साधारण ४८ आठवडे आहेत. फी भरून झाल्यावर महिन्याभराने पैसे आले तर काय उपयोग? १० वर्षांचा रोखा तर त्याहून अडचणीचा. तुम्ही टक्के बघून सुरुवात केलीत, सगळेच तशी करतात. मी मुंबईत एका बँकेच्या ट्रेझरीत बरीच वर्षे काढली आणि निवृत्तीनंतर म्हापशाला परत आले. तेव्हापासून शेजारीपाजारी आणि नात्यातल्या लोकांची रिटेल डायरेक्टची, म्हणजे रिझर्व्ह बँकेकडून थेट सरकारी कागद घेण्याच्या योजनेची, खाती माझ्या समोर बसून उघडली गेली आहेत. प्रत्येकाला मी आधी एकच विचारते: पैसे कुठल्या तारखेला लागणार? तारीख कळली की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

आधी व्याजाचा प्रश्न मिटवते. टी-बिलावर व्याज जमा होत नाही. ना तीन महिन्यांनी, ना सहा महिन्यांनी. टी-बिल कमी भावात मिळते आणि मुदतीला त्याचे पूर्ण १०० रुपये हातात पडतात. मधला फरक हीच तुमची कमाई. आमच्या शेजारच्या एका निवृत्त मास्तरांनी माझ्याकडूनच शिकून पहिले टी-बिल घेतले आणि तीन महिने झाल्यावर पासबुक घेऊन दारात उभे राहिले, "व्याज आलंच नाही हो!" चूक माझीच होती. मी त्यांना बटणे कुठली दाबायची ते दाखवले, पण हे सांगायचे राहिले.

आकड्यांत सांगते. खालचे सगळे भाव उदाहरणापुरते धरलेले आहेत, तुम्ही घ्याल त्या आठवड्यात वेगळे असतील. समजा ३६४ दिवसांच्या टी-बिलाचा भाव ९४.६० आला. १० हजार दर्शनी किमतीच्या एका लॉटला तुम्ही ९,४६० रुपये भराल आणि ३६४ दिवसांनी १०,००० मिळतील. कमाई ५४०. इथे बरेच जण ५४० भागिले १०,००० करून ५.४ टक्के म्हणतात. पण तुमच्या खिशातून गेले ९,४६०, त्यामुळे भागायचे त्यानेच. मग वर्षाच्या हिशेबाने उतारा येतो ५.७२ टक्के. उतारा म्हणजे ज्याला बाजारात यील्ड म्हणतात ते. सूत्र असे:

```
(100 - P) / P × 365 / d × 100
```

P म्हणजे भाव आणि d म्हणजे दिवस. पोर्टलवर आणि वर्तमानपत्रात टी-बिलापुढे जो टक्का दिसतो तो याच हिशेबाने काढलेला असतो.

आता तुमचा मूळ मुद्दा: दोन्ही सरकारी, मग साडेसहावाला का नको? सरकार पैसे बुडवणार नाही, या अर्थाने दोन्ही सारखेच. फरक एवढा की दीर्घ मुदतीच्या रोख्यात सरकारने तुम्हाला दोनच गोष्टींची हमी दिली आहे. दर सहा महिन्यांनी ठरलेले व्याज, ज्याला कुपन म्हणतात, आणि दहा वर्षांनी मुद्दल. अकरा महिन्यांनी मुद्दल परत देण्याची हमी कोणी दिलेलीच नाही. तेव्हा पैसे हवे असतील तर तुम्हाला बाजारात गिऱ्हाईक शोधून रोखा विकावा लागेल आणि भाव त्या दिवशीचा मिळेल.

तो भाव किती हलू शकतो ते बघा. तुम्ही ६.५ टक्के कुपनचा १० वर्षांचा रोखा १०० च्या भावाने ४ लाखांचा घेतला. वर्षभरात २६,००० रुपये व्याज खात्यात आले, छान वाटले. पण त्याच वर्षात बाजारातले दर एका टक्क्याने वर गेले आणि नवे रोखे साडेसातने निघू लागले. आता तुमचा साडेसहावाला रोखा १०० ला कोण घेईल? नऊ वर्षे उरलेल्या त्या रोख्याचा भाव साधारण ९३.५ च्या आसपास येतो. म्हणजे ४ लाखांचे ३ लाख ७४ हजार. त्यात २६,००० व्याज मिळवले की हातात पुन्हा चार लाखच. वर्षभराची कमाई शून्य, आणि फी मात्र त्या वर्षात वाढलेली. दर खाली गेले तर उलट होईल, भाव चढेल आणि तुम्ही खूश व्हाल. ट्रेझरीत बसून आम्ही हाच खेळ खेळायचो, पण तो बँकेच्या पैशांनी आणि रोज बाजारावर डोळा ठेवून. मुलीच्या फीच्या पैशांनी खेळायचा तो खेळ नव्हे.

दहा वर्षांचा रोखा वाईट आहे असे नाही. ज्या घरात दर सहा महिन्यांनी ठराविक रक्कम हवी आहे आणि मुद्दलाला दहा वर्षे हात लावायचा नाही, तिथे तो चांगला बसतो. मधला भाव खाली जावो की वर, त्यांना विकायचेच नाही. तुमची गोष्ट वेगळी.

मग तुमच्यासाठी काय? सरकार तीन मुदतींची टी-बिले काढते: ९१, १८२ आणि ३६४ दिवस. हे आकडे मुद्दाम सातच्या पटीत आहेत, १३, २६ आणि ५२ आठवडे. लिलाव सहसा बुधवारी होतो, पैशांची देवघेव गुरुवारी होते आणि सातच्या पटीमुळे बिल पिकतेही गुरुवारीच. सुट्टी आली तर लिलावाचा वार बदलतो, आणि पिकण्याच्या दिवशी सुट्टी असली तर पैसे येण्याचा दिवसही बदलतो. तुमच्या ४८ आठवड्यांत एक २६ आठवड्यांचे आणि त्यामागून एक १३ आठवड्यांचे बिल बसते. उरलेले सात-आठ आठवडे पैसे बँकेत राहू द्यायचे.

२६ आणि १३ मिळून ३९ होतात, पण मी ४० धरते, आणि हा एक आठवडा नवख्यांना कळत नाही. पहिले बिल गुरुवारी पिकते आणि पैसे गुरुवारी खात्यात येतात. पण त्याच गुरुवारी सुरू होणाऱ्या नव्या बिलाची बोली तुम्हाला दोन दिवस आधीच लावायची असते, तेव्हा पैसे हातात कुठे असतात? म्हणून पुढच्या बुधवारच्या लिलावाची वाट बघावी लागते आणि आठवडाभर पैसे बचत खात्यात पडून राहतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने रिटेल डायरेक्टवर टी-बिलांसाठी आपोआप बोली लावण्याची आणि पिकलेले पैसे परत गुंतवण्याची सोय जाहीर केली. ती सुरू करण्याआधी तिच्या अटी पोर्टलवर नीट वाचा. तुमच्या बाबतीत दुसऱ्या फेरीनंतर ती बंद करायला विसरलात तर तिसरे बिल आपोआप घेतले जाईल आणि जून उलटून जाईल. एकदाच परत गुंतवायचे असेल तर मी हातानेच करते.

आता तुमचे ४ लाख घेऊन हा हिशेब करू. जुलैच्या सुरुवातीला १८२ दिवसांच्या बिलाचा भाव ९७.२५ आला असे धरा, म्हणजे उतारा ५.६७ टक्के. एक लॉट ९,७२५ रुपयांना पडतो. ४ लाखांत ४१ लॉट बसतात, त्याचे ३,९८,७२५ भरायचे, आणि १,२७५ बचत खात्यात उरतात. जानेवारीच्या सुरुवातीला ४,१०,००० येतात. आठवड्याने ९१ दिवसांचे बिल ९८.६२ ला मिळाले, उतारा ५.६१ टक्के. पुन्हा ४१ लॉटच बसतात, ४,०४,३४२ रुपयांचे. एप्रिलच्या मध्याला त्याचे ४,१०,००० होतात आणि बाजूला पडलेले ६,९३३ धरून तुमच्याकडे एकूण ४,१६,९३३ असतात. चाळीस आठवड्यांत १६,९३३ रुपये. जानेवारीतला भाव आज कोणालाच माहीत नाही, हे लक्षात असू द्या. टी-बिलाचे दर झपाट्याने बदलतात. २०२० च्या उत्तरार्धात ३६४ दिवसांचे बिल साडेतीन टक्क्यांच्या आसपास होते, २०२३-२४ मध्ये सातच्या आसपास, आणि २०२५ च्या उत्तरार्धात साडेपाचच्या आसपास. पहिल्या बिलाचा उतारा लिलावाच्या दिवशी पक्का होतो, दुसऱ्याचा तेव्हाचा तेव्हा.

खरेदीची रीत अशी. खाते उघडायचे ते rbiretaildirect.org.in वर. ही योजना रिझर्व्ह बँकेने १२ नोव्हेंबर २०२१ रोजी सुरू केली आणि २०२४ मध्ये तिचे मोबाइल अॅपही आले. पॅन, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, स्वतःच्या नावाचे बचत खाते, मोबाइल नंबर आणि ईमेल एवढे लागते. खाते उघडायला किंवा बोली लावायला रिझर्व्ह बँक फी घेत नाही. नेट बँकिंगने पैसे भरलेत तर पेमेंट गेटवेचा आकार मात्र तुमच्याकडून जाऊ शकतो. कोणी "खाते काढून देतो, दोन हजार द्या" म्हणाले तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आपल्याकडे खाते अडकते ते नावावर. पॅनवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे, बँकेत लग्नाआधीचे आडनाव, हे गोव्यात घरोघरी आहे. गावकर हेच आडनाव मी तीन तऱ्हांनी लिहिलेले पाहिले आहे. माझ्या भावजयीचे खाते याच पायी जवळजवळ महिनाभर लटकले होते. म्हणून फॉर्म भरायच्या आधी पॅन, आधार आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. जुळत नसेल तर आधी बँकेत जाऊन नाव दुरुस्त करा, मग पोर्टलकडे वळा. नामनिर्देशन त्याच बैठकीत करून टाका.

खाते सुरू झाले की त्या आठवड्याचे लिलाव पोर्टलवर दिसू लागतात. तुम्ही लावायची ती नॉन-कॉम्पिटिटिव्ह बोली. मोठ्या बँका आणि म्युच्युअल फंड लिलावात भाव बोलतात, तुम्ही भाव बोलायचा नाही. फक्त रक्कम सांगायची, १० हजारांच्या पटीत. बड्यांच्या बोलींतून जो भारित सरासरी भाव निघतो तो तुम्हाला मिळतो. मला ही सोय फार आवडते. फोंड्याच्या गृहिणीला ४ लाखांना तोच भाव, जो शेकडो कोटी घेऊन बसलेल्यांच्या बोलींतून निघाला. बँकेच्या काउंटरवर असे होत नाही, तिथे मोठ्या ठेवीदाराला मॅनेजर चहा पाजून वेगळा दर देतो.

भाव लिलावानंतर ठरतो, पण पैसे आधी द्यावे लागतात. त्यामुळे पोर्टल अंदाजे भाव धरते, त्यावर थोडी जास्तीची रक्कम लावते आणि तेवढे मागते. लिलाव झाला की उरलेले परत येते. युपीआयने बोली लावली तर रक्कम तुमच्याच खात्यात अडवून ठेवली जाते आणि बिल मिळाल्यावर वळती होते. रिटेल डायरेक्टसाठी युपीआयची मर्यादा ५ लाखांपर्यंत वाढवलेली आहे, पण तुमच्या बँकेने स्वतःची कमी मर्यादा घातली आहे का ते आधी पाहून घ्या. नेट बँकिंगने पैसे लगेच जातात. मागितलेली रक्कम आणि शेवटी वळती झालेली रक्कम जुळत नाही म्हणून लोक घाबरून फोन करतात. जुळायची नसतेच. जुळायला हवे ते एवढेच: मिळालेल्या लॉटांची संख्या गुणिले भाव. आणि याच जास्तीच्या रकमेमुळे खात्यात बरोब्बर ४ लाख असतील तर ४१ लॉटची बोली कदाचित बसणार नाही. तेव्हा ४० लावा आणि पुढे जा.

बोलीची शेवटची वेळ पोर्टलवर प्रत्येक लिलावापुढे लिहिलेली असते. ती गाठायला मी शेवटच्या तासापर्यंत थांबत नाही, मंगळवारी सकाळीच उरकते. पावसाळ्यात आपल्याकडे वीज आणि नेट कधी जाईल याचा भरवसा नसतो, आणि जुलै म्हणजे ऐन पावसाळा. बुधवारी संध्याकाळपर्यंत निकाल कळतो आणि गुरुवारनंतर बिल तुमच्या होल्डिंगमध्ये दिसले पाहिजे. तिथे ते नाव, रक्कम आणि पिकण्याच्या तारखेसह दिसले की झाले. दिसले नाही तर आधी परताव्याची रक्कम आली का ते बघा. आली असेल तर बोली लागलीच नाही, पुढच्या आठवड्यात पुन्हा लावायची.

आता एक कबुली. तुमच्या बाबतीत टी-बिल हाच एकमेव शहाणपणाचा मार्ग आहे असे मी म्हणणार नाही. समजा एखादी बँक अकरा महिन्यांच्या ठेवीला ६ टक्के देते. त्याच चाळीस आठवड्यांत ४ लाखांवर साधारण १८,४०० रुपये होतात, वरच्या उदाहरणातल्या टी-बिलांपेक्षा दीड हजाराने जास्त. शिवाय ठेव तुमच्या तारखेला बरोबर पिकवता येते, आठवडा वाया जात नाही आणि १० हजारांच्या पटीची अट नाही. एका बँकेत तुमचे मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांच्या आत असेल तर ठेव विम्याचे संरक्षणही आहे. हा विमा ४ फेब्रुवारी २०२० पासून १ लाखाचा ५ लाख झाला. त्यानंतर लगेचच, म्हणजे २०२० मध्ये म्हापशाच्या आणि २०२१ मध्ये मडगावच्या नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला, तेव्हा ५ लाखांची ती रेघ किती महत्त्वाची आहे ते आपल्याकडच्या लोकांना नीट कळले. विमा असला तरी पैसे त्याच दिवशी हातात येत नाहीत, हेही कळले.

तुमची आधीची ठेव पतसंस्थेत होती असे तुम्ही लिहिले आहे. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे आणि तिथल्या ठेवीला हा ५ लाखांचा विमा नाही. पतसंस्थेच्या आणि टी-बिलाच्या दरांतला फरक बघताना हे धरा. पतसंस्थेच्या दराशी टी-बिलाची तुलना करून "सरकारी कमी देते" म्हणणे बरोबर नाही, कारण पतसंस्था जास्त देते ते त्या जोखमीचेच मोल आहे. माझा नियम असा आहे. चांगल्या बँकेत ५ लाखांच्या आत जागा असेल आणि तिचा दर टी-बिलाच्या उताऱ्याहून जास्त असेल, तर अशा छोट्या मुदतीसाठी ठेव घ्या. त्या बँकेत आधीच ५ लाख पडून असतील, तर हे नवे ४ लाख टी-बिलात घाला.

पोस्टाची एक वर्षाची ठेवही तितकीच सरकारी, आणि २०२३ च्या जुलैत तिचा दर ६.९ टक्के झाला होता. पण तीही एका वर्षाची. सहा महिन्यांनंतर आणि वर्ष भरायच्या आत मोडली तर बचत खात्याचाच दर मिळतो. म्हणजे पुन्हा तोच तारखेचा घोळ. कॉलेजने फी जुलैत घेतली असती तर मी तुम्हाला सरळ पोस्टात पाठवले असते.

टी-बिल मधेच मोडता येते का, हे तुम्ही विचारले नाहीत, पण विचाराल. मोडता येत नाही, विकता येते. पोर्टलवरूनच दुय्यम बाजारात जाता येते. अडचण अशी की लहान रकमेच्या टी-बिलांना तिथे रोज गिऱ्हाईक असेलच असे नाही, आणि असले तर ते घासाघीस करते. उरलेली मुदत थोडी असल्यामुळे भाव दहा वर्षांच्या रोख्यासारखा कोसळत नाही, तरी घाईत विकायला गेले की कमाईचा बराचसा भाग जातो. अडीअडचणीचे पैसे यात घालू नका. फीव्यतिरिक्त घरात दवाखान्यापुरती रक्कम वेगळी नसेल तर ४ लाखांतले पन्नास हजार आधी बाजूला काढा आणि ३५ लॉटच घ्या.

करांत आपल्याकडे एक गोष्ट वेगळी आहे, ती पुण्या-मुंबईचे सल्लागार सांगत नाहीत. टी-बिलाची कमाई करपात्र आहे आणि ती तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याच्या दराने धरली जाते. पण गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे तुम्हा नवराबायकोमध्ये मालमत्तेची समाईकी असेल, तर पगार सोडून बाकीचे उत्पन्न दोघांमध्ये निम्मेनिम्मे वाटले जाते. १९६१ च्या आयकर कायद्यात ही तरतूद कलम ५अ मध्ये होती. लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर बहुतेकांना ही समाईकी लागू असते. म्हणजे बिल तुमच्या एकटीच्या नावावर असले तरी वरच्या उदाहरणातल्या १६,९३३ पैकी निम्मे तुमच्या विवरणपत्रात आणि निम्मे यजमानांच्या. यासाठी विवरणपत्रात वेगळी अनुसूची असते, आणि सगळ्यात सोपा, सहज नावाचा फॉर्म अशा जोडप्यांना चालत नाही.

इथे टी-बिलाचा एक छोटा फायदा आहे. बँकेच्या ठेवीवर व्याज मर्यादेपलीकडे गेले की टीडीएस कापला जातो. तो एकाच्या पॅनवर पडतो आणि उत्पन्न मात्र दोघांत वाटायचे असते, त्यामुळे जुळवाजुळव करताना डोके फिरते. टी-बिलावर टीडीएस नसल्यामुळे हा गुंता होतच नाही. उलट बाजू अशी की कापला जात नाही म्हणून लोक दाखवायलाच विसरतात. रिझर्व्ह बँकेकडचे खाते पॅनला जोडलेले आहे, तेव्हा विसरू नका. तुमच्या उदाहरणात पहिले बिल जानेवारीत पिकते आणि दुसरे एप्रिलच्या मध्याला, म्हणजे कमाई दोन आर्थिक वर्षांत विभागली जाईल: ११,२७५ पहिल्या वर्षात, ५,६५८ दुसऱ्यात. तुमच्या सीएला दोन्ही तारखा लिहून द्या.

उद्या काय करायचे तेवढे सांगते. पॅन, आधार आणि पासबुकावरची नावे जुळतात का बघा आणि खाते उघडायला टाका. ते मंजूर होईपर्यंत दोन बँकांत जाऊन अकरा महिन्यांच्या ठेवीचा दर विचारून घ्या, काउंटरवरच्या पाटीवर लिहिलेला, तोंडी सांगितलेला नव्हे. त्याच आठवड्यात १८२ दिवसांच्या टी-बिलाचा उतारा किती आला ते रिझर्व्ह बँकेच्या निकालात दिसेल. दोन आकडे शेजारी ठेवा. ठेवीचा दर जास्त असेल आणि त्या बँकेत तुमचे दुसरे फारसे काही नसेल तर ठेव करा आणि रिटेल डायरेक्टचे खाते तसेच राहू द्या, ठेवायला काही पैसे पडत नाहीत. टी-बिल निवडलेत तर मंगळवारी सकाळी बोली लावा, आणि जानेवारीतला तो गुरुवार आजच कालनिर्णयवर गोल करून ठेवा.